माझ्या पॉलिसीवरचं नाव आणि चेसिस नंबर दुरुस्त करा : विमा कंपनीला खुलं पत्र

प्रति,
मोटार विमा विभागप्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी,
माझ्या गाडीचा विमा उतरवणारी कंपनी

विषय : पॉलिसीवरील विमाधारकाचं नाव आणि चेसिस नंबर पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून दुरुस्त करण्याबाबत

महोदय / महोदया,

"आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा तुमचा मेसेज आला. सोबतची पॉलिसी मी उघडून पाहिली. विमाधारक म्हणून तिच्यावर अजूनही माझ्या नवऱ्याचं नाव आहे, आणि चेसिस नंबर अजूनही माझ्या गाडीचा नाही. ज्या दोन गोष्टींसाठी मी तक्रार केली त्या दोन्ही तशाच असताना तुमच्या दप्तरी ही तक्रार बंद झाली आहे. ईमेल, ग्राहक सेवा, शाखा हे सगळे मार्ग वापरून झाल्यावर मी हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. असाच कागद हातात घेऊन बसलेले आणखीही लोक असतील, त्यांनाही ते वाचता यावं.

गाडी माझ्या नावावर आहे. कर्ज माझ्या नावावर होतं, हप्ते माझ्या पगारातून गेले, लायसन्स माझं आहे आणि रोज कामावर ही गाडी मीच चालवत नेते. तुमच्याकडे विमा घेताना प्रस्तावात मालक म्हणून माझं नाव होतं, केवायसीसाठी माझी कागदपत्रं गेली आणि प्रीमियम माझ्या खात्यातून वळता झाला. आरसीची दोन्ही बाजूंची प्रत तुम्हीच मागितली होती आणि ती मी दिली. पॉलिसीची पीडीएफ आली त्याच दिवशी मी ती आरसीशेजारी ठेवून तपासली आणि चुका तुम्हाला लेखी कळवल्या.

आधी चेसिस नंबरबद्दल, कारण चूक कशी झाली आणि कुठे पकडता आली असती हे त्यातून स्पष्ट दिसतं. पूर्ण नंबर मी इथे देत नाही, शेवटची सात अक्षरं देते. माझ्या आरसीवर ती `8M00362` अशी आहेत. तुमच्या पॉलिसीवर ती `BMO0362` अशी छापली गेली. म्हणजे 8 च्या जागी B आणि पहिल्या शून्याच्या जागी इंग्रजी O. आरसीच्या कार्डावरची छपाई बारीक असते, फोटोवरून टाइप करताना 8 आणि B, 0 आणि O, 5 आणि S यांची गल्लत होते, हे मला मान्य आहे. पण ही गल्लत फार जुनी आहे आणि तिच्यावरचा बंदोबस्तही जुना आहे. आजच्या गाड्यांचा 17 अक्षरी चेसिस नंबर आयएसओ 3779 या मानकाप्रमाणे असतो, आणि त्यात I, O आणि Q ही तीन अक्षरं वापरलीच जात नाहीत. ती 1 आणि 0 सारखी दिसतात म्हणूनच वगळलेली आहेत. अशा नंबरात O आला की तो नंबर चुकीचाच. त्यासाठी आरसी बघण्याचीही गरज नाही. तुमच्या संगणकाने तो O जसाच्या तसा स्वीकारला, त्यावर पॉलिसी छापली आणि डिजिटल सही करून मला पाठवली. या रकान्यात ही तीन अक्षरं टाइप झाली तर पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढा साधा नियम तिथे असायला हवा होता.

मी कळवल्यावर तुमच्या शाखेने चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा मागितला. आरसीची स्वच्छ प्रत हातात असताना तो का हवा, हे मला कोणी सांगितलं नाही, पण मी तो दिला. माझ्या गाडीत हा नंबर पुढच्या डाव्या सीटखाली पत्र्यावर कोरलेला आहे. सीट मागे सरकवायची, गालिच्याची कापलेली पट्टी उचलायची, पत्रा कोरड्या फडक्याने पुसायचा, पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. ठशात 8 स्पष्ट उमटला आहे. दोन्ही बाजू गोल आणि मध्ये कंबर. B असता तर डावीकडे सरळ उभी रेघ आली असती. ठसा, त्याच जागेचा फोटो आणि आरसी असे तिन्ही कागद मी एकत्र दिले.

त्यावर जे एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीची पुरवणी, आलं त्यात नंबर `BM00362` असा होता. O चा शून्य झाला आणि B तसाच राहिला. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याने आरसी, ठसा, फोटो यातलं काहीच न बघता जुन्या चुकीच्या नंबरातला एक दोष तेवढा काढला. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त धोक्याची आहे. O असलेला नंबर निदान बघताक्षणी चुकीचा म्हणून ओळखता येतो. B मात्र चेसिस नंबरात चालतो. त्यामुळे आता हा नंबर दिसायला बरोबर आहे आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याशिवाय चूक कुणाच्याही लक्षात येणार नाही.

आता नावाबद्दल. आरसीवर मालकाच्या नावाखाली वडिलांचं किंवा पतीचं नाव लिहिण्याची एक ओळ असते. तुमच्याकडे माहिती भरणाऱ्याने त्या ओळीतलं नाव उचलून विमाधारकाच्या रकान्यात घातलं. माझं नाव पॉलिसीवर कुठेच नाही. प्रस्तावात नॉमिनी म्हणून मी नवऱ्याचं नाव दिलं होतं, ते मात्र बरोबर आलं आहे. त्यामुळे तुमच्या पॉलिसीवर विमाधारकही तोच आणि त्याच्या मृत्यूनंतर पैसे मिळणारा नॉमिनीही तोच. एकाच कागदावर, एकाखाली एक, एकच नाव दोनदा छापलेलं आहे. कुणीही माणसाने हा कागद एकदा वाचला असता तर हे सुटलं नसतं.

ग्राहक सेवेतून मला ऐकवलं गेलं, "मॅडम, मिस्टरांचंच तर नाव आहे, घरातल्या घरात काय फरक पडतो?" फोनवरच्या त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जे शिकवलं तेच ती बोलली. पण काय फरक पडतो, ते कंपनीला नीट माहीत आहे, कारण ते कंपनीच्याच पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं आहे. या पॉलिसीत मालक-चालकासाठी 15 लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे आणि त्याचा प्रीमियम माझ्याकडून वेगळा घेतलेला आहे. ते लागू व्हायला तीन अटी आहेत. ती व्यक्ती गाडीची नोंदणीकृत मालक हवी, पॉलिसीवर विमाधारक म्हणून तिचंच नाव हवं आणि तिच्याकडे वैध लायसन्स हवं. मी पहिली आणि तिसरी अट पूर्ण करते, पण दुसरीत अडते, कारण पॉलिसीवर माझं नाव नाही. माझा नवरा दुसरी अट पूर्ण करतो, पण पहिलीत अडतो, कारण गाडी त्याची नाही. म्हणजे ज्या संरक्षणाचे पैसे तुम्ही घेतले ते आजच्या कागदाप्रमाणे कुणालाच लागू होत नाही. उद्या मला गाडी चालवताना काही झालं, तर माझ्या घरच्यांना आधी तुमची चूक सिद्ध करत बसावं लागेल.

नो क्लेम बोनसचंही तेच. हा बोनस गाडीचा नसतो, विमाधारकाचा असतो. इतकी वर्षं एकही दावा न करता तो मी मिळवला. या वर्षीची पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर राहिली तर पुढच्या नूतनीकरणाला नवी कंपनी मला विचारणार, की मधल्या वर्षी तुमच्या नावावर विमा कुठे होता?

"क्लेम आला की बघू, तेव्हा आरसी दाखवा" हा तुमच्याकडून आलेला दुसरा सल्ला. दाव्याच्या वेळी सर्वेअर येतो तेव्हा काय करतो हे तुम्हीच लोकांना सांगता. तो गाडीचा चेसिस नंबर पाहतो, त्याचा ठसा किंवा फोटो घेतो आणि पॉलिसीशी जुळवतो. नंबर जुळला नाही की दावा थांबतो, खुलासे मागवले जातात, आणि गाडी तोवर गॅरेजमध्ये उभी राहते. अपघातात तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल तर तोही या गोंधळात अडकतो, आणि त्याचा तर यात काडीचाही दोष नाही. जी चूक आज एका एंडॉर्समेंटने मिटते ती अपघातानंतर मिटवायला गेलं की तुमच्याच लोकांना त्यात लबाडीचा संशय येऊ लागतो.

आणि दावा दूरच, माझं नुकसान आजच सुरू झालं आहे. गाडीचं कर्ज फिटलं. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 माझ्या हातात आहेत, आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा आहे. त्यासाठी गाडीचा विमा चालू असावा लागतो. मात्र सरकारच्या वाहन प्रणालीत माझ्या नोंदणी क्रमांकापुढे अजून गेल्या वर्षीच्या, मुदत संपलेल्या पॉलिसीचीच तारीख दिसते. तुमच्याकडून गेलेली माहिती नोंदणीशी जुळली नाही की ती तिथे बसत नाही. छापील पॉलिसी दाखवली तर त्यावर नाव दुसरं आणि नंबर दुसरा, म्हणून अर्ज परत आला. एनओसीला मुदत असते. ती संपली तर बँकेकडे पुन्हा खेटे घालणं आलं. शिवाय रस्त्यावर पोलिसांच्या यंत्रात गाडी विनाविमा दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 प्रमाणे विनाविमा गाडी चालवण्याबद्दल पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रीमियम भरलेली बाई रस्त्यात उभी राहून पोलिसांना मोबाइलवरची पीडीएफ दाखवणार, आणि त्या पीडीएफवर तिचं नावच नाही. या प्रसंगाची धास्ती घेऊन मी गाडी चालवते आहे.

आता मुद्दा तारखेचा. सगळ्या पत्रातली ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब आहे. तुमचं अर्धवट एंडॉर्समेंट ज्या दिवशी काढलं त्या दिवसापासून लागू, असं त्यावर छापलेलं आहे. पुढचंही तसंच निघालं तर पॉलिसी सुरू झाल्यापासून दुरुस्तीच्या दिवसापर्यंतचा काळ कागदोपत्री दुसऱ्याच कुणाच्या तरी, अस्तित्वात नसलेल्या चेसिस नंबरच्या गाडीचा राहील. त्या काळातली एखादी घटना उद्या न्यायाधिकरणापुढे आली तर "तेव्हा ही गाडी आमच्याकडे विम्याला नव्हती" असं म्हणायला तुम्हाला जागा उरेल. म्हणून मी मागितलं की दुरुस्ती पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून लागू करा. उत्तर मिळालं, "मागच्या तारखेने सिस्टिम घेत नाही."

मागच्या तारखेच्या बदलाला कंपन्या का कचरतात ते मला समजतं. विमा नसलेल्या गाडीला अपघात होतो आणि मग विमा असलेल्या दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत नंबर बदलून घेण्याचा प्रयत्न होतो, असे प्रकार घडतात. त्यासाठी खबरदारी घेतलीच पाहिजे, आणि म्हणूनच पेन्सिल ठसा, फोटो, तपासणी या कशालाही मी नकार दिला नाही. पण इथे गाडी बदललेली नाही. नोंदणी क्रमांक पहिल्या दिवसापासून बरोबर छापलेला आहे. इंजिन नंबर बरोबर आहे. मेक, मॉडेल, उत्पादनाचं वर्ष बरोबर आहे. या पॉलिसीवर एकही दावा नाही. तुम्ही स्वीकारलेल्या प्रस्तावासोबतच्या आरसीवर खरा नंबर आणि खरं नाव आहे, म्हणजे पॉलिसी निघण्याआधीपासून ते तुमच्याकडे होतं. हा विम्यातला बदल ठरत नाही. तुमच्याकडच्या कागदात जे आधीपासून होतं तेच पॉलिसीवर उतरवायचं आहे. अशा लेखनिक चुकीची दुरुस्ती मूळ तारखेपासूनच व्हायला हवी आणि सिस्टिम घेत नसेल तर ज्याला अधिकार आहे त्याने ती घ्यायला लावली पाहिजे.

माझ्या मागण्या अशा :

1. विमाधारकाचं नाव आणि चेसिस नंबर या दोन्हींची दुरुस्ती करणारं एकच एंडॉर्समेंट काढा, त्यासाठी कोणताही जादा प्रीमियम घेऊ नका आणि ते पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून लागू असल्याचं त्यावर स्पष्ट लिहा.

2. नुसतं एंडॉर्समेंट पुरणार नाही. पॉलिसीचं शेड्यूल आणि विम्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 51, नव्याने दुरुस्त करून द्या. आरटीओत आणि रस्त्यावर तोच कागद बघितला जातो. तो तसाच चुकीचा ठेवून सोबत एक वेगळी पुरवणी बाळगायला लावणं म्हणजे दुरुस्ती नाही. पाठवण्यापूर्वी तुमच्यापैकी एकाने चेसिस नंबरची 17 अक्षरं मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने आरसीवर बोट ठेवून ताडावी, ही माझी कळकळीची विनंती.

3. दुरुस्त माहिती वाहन प्रणालीकडे पुन्हा पाठवा आणि ती तिथे दिसू लागल्याचं मला लेखी कळवा. तोपर्यंत आरटीओत दाखवण्यासाठी, ही गाडी या मालकाच्या नावे तुमच्याकडे विम्याला आहे असं सही-शिक्क्याचं पत्र द्या.

4. वैयक्तिक अपघात संरक्षण आणि नो क्लेम बोनस पहिल्या दिवसापासून माझ्या नावे असल्याची लेखी खात्री द्या.

5. माझ्या प्रस्तावाची प्रत द्या. माझ्या आरसीवरून तुमच्याकडे काय भरलं गेलं ते मला बघायचं आहे. एजंटकडे चूक झाली की कार्यालयात, यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. पॉलिसी तुमच्या सहीने निघाली आहे.

आणखी एक मागणी माझ्यापुरती नाही. चेसिस नंबराच्या रकान्यात I, O, Q ही अक्षरं आली तर पॉलिसी निघूच नये, आणि विमाधारक व नॉमिनी एकच असतील तर ती थांबवून विचारणा व्हावी, अशी सोय करा. नुकत्याच काढलेल्या पॉलिसींवरूनही एकदा हीच चाळणी फिरवा. ज्यांच्या कागदावर हा दोष सापडेल त्यांना तुम्ही स्वतःहून कळवा. अपघात होईपर्यंत पॉलिसी उघडून न बघणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपल्या कागदावर काय छापलं आहे याचा पत्ताही नसेल.

हे पत्र वाचणाऱ्या इतर गाडीमालकांनाही एवढंच सांगते. पॉलिसी आली की आरसी आणि तुमचा प्रस्ताव शेजारी ठेवा आणि मालकाचं नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन नंबर, चेसिस नंबर, नॉमिनी या पाच गोष्टी जुळवा. चेसिस नंबर डोळ्यांनी वरवर न बघता शेवटून सुरुवातीकडे एकेक अक्षर वाचा, म्हणजे ओळखीच्या नंबरासारखा तो नजरेखालून निसटत नाही. चूक दिसली तर फोन करून थांबू नका. ईमेल करा, आरसीची प्रत जोडा, चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही नंबर लिहा आणि दुरुस्ती कोणत्या तारखेपासून हवी तेही त्यातच मागा. ती तारीख मी पहिल्याच ईमेलमध्ये मागितली होती म्हणून आज लेखी पुराव्यानिशी बोलू शकते.

कंपनीला पुन्हा सांगते. बंद केलेली माझी तक्रार पुन्हा उघडा आणि दोन आठवड्यांच्या आत दुरुस्त कागद पाठवा. ते झालं नाही तर मी विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे जाईन. प्रस्तावाशी न जुळणारी पॉलिसी देणं हा विमा लोकपाल नियम, 2017 प्रमाणे तक्रारीचा एक विषय आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. लेखी तक्रारीची पोच, आरसी, पेन्सिल ठसा, तुमची मूळ पॉलिसी आणि अर्धवट एंडॉर्समेंट असा संच मी तयार ठेवला आहे. त्याचीच प्रत या पत्रासोबत तुमच्या तक्रार निवारण कक्षाला पाठवत आहे.

उत्तर लेखी द्यावं आणि त्यावर ते देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा असावा.

आपली,
तुमच्या कागदावर जिचं नाव यायला हवं होतं ती विमाधारक आणि गाडीची नोंदणीकृत मालक